दोन्ही ऑफिसांचा एकच पत्ता

दुष्काळाच्या त्या वर्षांत आमच्या शहरात एकच धंदा डोळे झाकून चालत होता, तो म्हणजे प्लास्टिकच्या टाक्यांचा. नळाला पाणी येणार आठवड्यातून एकदा, आणि इमारती मात्र दर महिन्याला नव्या. प्रत्येक गच्चीवर काळ्या टाक्या. अशाच एका टाक्यांच्या कारखान्याचं नेटवर्कचं काम माझ्याकडं होतं. कारखाना चिकलठाण्याला. तिथं जागा पुरेना म्हणून शेठनी पडेगावला गोदाम घेतलं, आणि गोदामाच्या कोपऱ्यात पत्र्याचं छोटं ऑफिस काढलं.

त्या ऑफिसात एक ताई बसायच्या. माल किती आला, किती गेला, चलन कुणाचं, सगळं त्यांच्याकडं. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, तरी मला मॅडम म्हणायच्या. टेबलावर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी लख्ख पुसलेला कॉम्प्युटर. घर गोदामाच्या मागच्याच गल्लीत. अकराच्या सुमारास गल्लीत टँकर आला की ताई दहा मिनिटं पळत जायच्या, हंडे भरायच्या आणि घाम पुसत परत खुर्चीत. नवरा ड्यूटीवर, सासूचे गुडघे गेलेले. दुसरं कुणी नव्हतंच.

आणि शेठनी फर्मान काढलं. मालाचा हिशेब चिकलठाण्याच्या सर्व्हरवर ठेवायचा. पडेगावातून तो सर्व्हर शनिवारपर्यंत दिसायला लागला तर ठीक, नाहीतर सोमवारपासून ताईंनी चिकलठाण्याला येऊन बसायचं. म्हणजे शहराच्या या टोकाकडून त्या टोकाला, आणि घरातले हंडे कोरडे.

"मॅडम, तेवढं बघा बरं का," ताई म्हणाल्या. "तिकडं गेले तर पाणी कोण भरंल?"

मी म्हणाले, "चुटकीसरशी करते." ही माझी जुनी खोड आहे. आधी बोलून मोकळं व्हायचं.

काम ऐकायला सोपं होतं. दोन्ही ठिकाणी एकेक राउटर, आणि त्यांच्यामध्ये इंटरनेटवरून आयपीसेकचा टनेल. म्हणजे कुलूपबंद रस्ता, ज्यातून जाणारा मजकूर मध्येच कुणाला वाचता येत नाही. दोन्हीकडं गुप्त किल्ली तीच हवी, बाकीच्या सेटिंगही जुळल्या पाहिजेत. तेवढं मला झोपेतही येतं. घोडं अडलं ते दुसरीकडं. दोन्ही ऑफिसांतल्या यंत्रांचे नेटवर्कवरचे पत्ते सारखेच! तिकडंही १९२.१६८.१ ने सुरू होणारे, इकडंही. राउटर खोक्यातून काढला की तो हेच आकडे घेऊन येतो, आणि ते बदलायचे कष्ट कोण घेतो? आमच्याकडं तर कुणीच नाही.

एका बाजूचे पत्ते बदलले की झालं, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. पण कारखान्यात टाक्यांचं मशीन त्याच पत्त्यावर चालत होतं, आणि ऐन मोसमात त्याला हात लावाल तर खबरदार, असा तिथल्या फोरमननी दम भरला. पडेगावातले कॅमेरे आणि हजेरीचं मशीन ज्यानं बसवलं, तो पासवर्डसकट गायब. फोन उचलायचा नाही. त्या माणसाला मी मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या, त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

मग मी गुरुवारी पडेगावला बसून तोड काढली. टनेलमधून जाताना पडेगावचे पत्ते बदलायचे, १०.२०.१ ने सुरू होणारे करायचे. आतले मूळ पत्ते तसेच; फक्त वेस ओलांडताना नवं नाव. टनेल सुरू केला, हिरवा दिवा लागला. चिकलठाण्याच्या प्रिंटरच्या पत्त्याचा शेवटचा आकडा पन्नास. मी पन्नासला हाक मारली, म्हणजे पिंग केलं, आणि चट्‌दिशी उत्तर!

"झालं!" मी ओरडले. ताईंनी लगेच डबा उघडला, त्यात गूळ-शेंगदाण्याचे लाडू होते. एक तोंडात टाकून मी ऐटीत पन्नासच्या प्रिंटरवर एक कागद छापायला सोडला आणि फोरमनना फोन लावला.

"कागद आला का?"

"नाय मॅडम. यहाँ तो कुछ नाय."

"नीट बघा हो!"

"मशीन के सामने ही खडा हूँ."

मी चिडून पुन्हा छापलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा छापते आहे तोच पाठीमागून ताईंचा आवाज आला.

"मॅडम, हे तुमचेच कागद का? लई येऊन पडलेत हितं."

ताईंच्या मागच्या स्टुलावर प्रिंटर होता. त्याचाही आकडा पन्नास. चिकलठाण्याच्या नावानं मी शेजारच्याच प्रिंटरला हाका मारत होते, आणि तो बिचारा इमानानं ओ देत होता. उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत आलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. शहर ओलांडून इतक्या झटपट काहीच येत नाही. फोनवर फोरमन हसत होते. मी लाडू कसाबसा गिळला. लाज वाटली, आणि ताईंकडं बघून वाईटही वाटलं.

ताई मात्र कागद हातात घेऊन विचार करत होत्या. "तिकडच्याला आपल्याच नंबरानं हाक मारली तर ओ हितलाच देणार की. त्याचं बी नाव बदलाया पाहिजे ना?"

अगदी खरं. मी फक्त आपली बाजू बदलली होती. पन्नास म्हटल्यावर ताईंच्या कॉम्प्युटरला तो याच खोलीतला वाटायचा, त्यामुळं निरोप राउटरकडं जायचाच नाही. टनेल उघडा, आणि त्यात कुणी शिरतच नाही.

शुक्रवारी सकाळी मी आधी चिकलठाण्याला गेले. तिथल्या राउटरवर कारखान्याला टनेलपुरते १०.१०.१ ने सुरू होणारे पत्ते दिले, शेवटचा आकडा जुनाच ठेवला म्हणजे लक्षात राहायला सोपं. मग स्कूटर दामटून पडेगाव. टनेलमधून काय जाऊ द्यायचं, ती यादीही दोन्हीकडं नव्या पत्त्यांची केली. ती जुन्या पत्त्यांची ठेवली की राउटर निरोप आत घेत नाही. तरी अडलं! बघते तर इंटरनेटसाठीचा पत्ता बदलायचा सरसकट नियम माझ्या नव्या नियमाच्या वर बसला होता, आणि निरोप आधीच पकडून भलतीकडं धाडत होता. माझा नियम उचलून वर ठेवला. ताईंच्या कॉम्प्युटरवर सर्व्हरचा आणि तिकडच्या प्रिंटरचा नवा पत्ता घातला.

पिंग केलं. उत्तर आलं, आणि या वेळी चौदा मिलिसेकंद लागले. इतका उशीर मला आयुष्यात कधी गोड वाटला नव्हता. ताईंनी स्वतः चलन छापलं. मी मागं वळून स्टुलावरच्या प्रिंटरकडं पाहिलं. तो गप्प. तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, निकला ना कागद! पडेगाव लिहिलंय वर."

मी ताईंना मिठीच मारली. त्या लाजल्या, मग डोळे पुसायला लागल्या, आणि मला पण भरून आलं. पुन्हा फोन. शेठ. फोरमनकडून खबर गेली होती, पण खात्री नव्हती.

"सोमवारी ताईंना इकडं पाठवायचं, का नाही?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत बाहेर गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला. ताईंनी माझ्या हातातून फोन घेतला.

"शेठ, मी हितंच हाय. सर्व्हर दिसतोय. फक्त आता धा मिनिटं नाय, टँकर आलाय."

आणि फोन माझ्या हातात कोंबून त्या पळत सुटल्या.