अठ्ठावन्न आठवड्यांचा संपर्क

पुरवणीकाकांना त्यांचं खरं नाव लावून हाक मारणारं ऑफिसात कुणी उरलं नव्हतं. कुठलाही अहवाल हातात आला, की ते चष्मा कपाळावर सरकवत आणि मागे जोडायचे पुराव्याचे कागद शोधत विचारत, "याची पुरवणी कुठाय?" नोकरीभर छापखान्यात मुद्रितं तपासली, निवृत्त झाल्यावर घरी बसून बायकोच्या किराणा यादीतल्या चुका काढू लागले, तेव्हा तिनेच त्यांना या संस्थेत पाठवलं. "तिथे पगार कमी देतात, पण कागद भरपूर देतात," असं ती म्हणाली होती.

संस्था एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दर आठवड्याला फोन करायची. तीन वर्षांचं अनुदान संपत आलं होतं. अंतिम अहवाल पटला तर पुढची तीन वर्षं मिळणार, नाहीतर फोन बंद. ज्यांच्याशी आठवड्यात दुसरं कुणीच बोलत नव्हतं, अशी माणसं त्या यादीत होती. ते काकांना ठाऊक होतं, म्हणून मसुदा हातात घेताना त्यांना धाकधूक वाटत होती.

त्यांची पद्धत साधी होती. डाव्या हाताला मंजूर झालेला मूळ प्रस्ताव, उजव्या हाताला मसुदा, मध्ये पट्टी. प्रस्तावातलं उद्दिष्ट शब्दही न बदलता वर लिहायचं. खाली काय ठरलं होतं, काय झालं, आणि कमी पडलं तर का.

मसुद्यात पहिल्याच पानावर पट्टी अडली. प्रस्तावात होतं : साठ जणांशी दर आठवड्याला किमान दहा मिनिटं संभाषण. मसुद्यात होतं : साठ जणांशी नियमित संपर्क, चौऱ्याण्णव टक्के फोन उचलले गेले. दुसरं उद्दिष्ट पंचवीस स्वयंसेवकांना शिकवण्याचं होतं, ते एकतीस झाले, छान. तिसरं, प्रत्येकाच्या शेजारच्या एका माणसाचा नंबर आपल्याकडे असेल, हे मसुद्यातून गायबच झालं होतं. त्या जागी चार मेळाव्यांचं वर्णन आणि फुगे धरलेल्या लोकांचा फोटो.

"ताई, हे मेळावे कुणी मागितले होते?" काकांनी फोनविभाग सांभाळणाऱ्या ताईंना विचारलं.

"कुणीच नाही. पण झाले ना."

"माझ्या मुलीला गणिताच्या पेपरात चित्र काढायची सवय होती. मार्क नाही मिळाले."

ताई हसल्या, पण वही घेऊन बसल्या. शेजाऱ्यांचे नंबर अडतीस जणांचे मिळाले होते. बावीस जणांचे नाहीत. कारण दुसऱ्या वर्षी ताईंची जागा पाच महिने रिकामी होती आणि तेव्हा घरोघरी कुणी गेलंच नाही. काकांनी तसंच लिहिलं.

मग पहिलं उद्दिष्ट. 'उचलला' हा रकाना सोडून त्यांनी शेरे वाचायला घेतले. खरोखर बोलणं झालं होतं ते सत्तेचाळीस जणांशी. उरलेल्या तेरांपैकी सहा मुलांकडे राहायला गेले, चौघं वारले, दोघांनी नको म्हणून सांगितलं. तेरावं नाव एका बाईंचं होतं, आणि आकड्यांत बघितलं तर साऱ्या यादीत त्यांच्याइतकी पक्की नोंद दुसऱ्या कुणाचीच नव्हती. गेले अठ्ठावन्न आठवडे एकही फोन चुकलेला नाही. दर वेळी दहा मिनिटं. ना एक मिनिट कमी, ना एक जास्त.

शेरे मात्र असे होते : 'उचलला. बोलल्या नाहीत.' 'उचलला. श्वास ऐकू आला, मीच बोलत राहिले.' 'शांत. मागे घड्याळ असावं.' 'तिसऱ्या घंटेला उचलला, नेहमीसारखा.' अक्षरं सात वेगवेगळ्या स्वयंसेवकांची. प्रत्येकाला वाटत होतं, आज बाईंचा मूड नसेल.

"यांच्या शेजारचा नंबर?" काकांनी विचारलं.

ताईंनी नंबर न मिळालेल्या बावीस जणांच्या यादीवर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं पत्त्यावर गेले. दुसरा मजला, लांब बोळ, दोन्ही बाजूंना दारं. बाईंच्या दाराला कुलूप होतं; कुलपाला गंज आणि कडीला कोळ्याचं जाळं. समोरच्या दारातून एक गृहस्थ बाहेर आले.

"त्या? त्यांना जाऊन तेरा महिने झाले. दवाखान्यातच गेल्या. तेव्हापासून कुणी आलेलं नाही."

ताईंनी काकांकडे बघितलं आणि पर्समधून मोबाइल काढून बाईंचा नंबर फिरवला. दारामागे घंटा वाजली. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा वाजता वाजता थांबली. ताईंच्या मोबाइलवर सेकंद मोजले जाऊ लागले.

समोरचे गृहस्थ "मला जरा काम आहे" म्हणाले आणि आत जाऊन त्यांनी कडी लावली.

ताईंनी मोबाइल कानाला लावला नाही, काकांनीही मागितला नाही. फोन ठेवायचंही कुणाला सुचलं नाही. दहा मिनिटं पुरी झाली तेव्हा पलीकडून तो बंद झाला.

टेलिफोनवाल्यांकडे चौकशी केली तेव्हा कळलं, की तो नंबर वर्षापूर्वीच तोडलाय.

काकांनी परिच्छेद चार वेळा लिहिला. शेवटचा असा : 'एका लाभार्थीचे निधन तेरा महिन्यांपूर्वी झाले. शेजारच्या माणसाचा नंबर न घेतल्यामुळे (उद्दिष्ट तीन पाहा) आम्हाला ते समजले नाही. त्यानंतरचे अठ्ठावन्न फोन आम्ही संपर्क म्हणून मोजले. ते मोजायला नको होते. हे फोन कोण उचलत होते, ते आम्हाला माहीत नाही.'

संचालिकाबाईंनी वाचलं आणि शेवटच्या वाक्यावर पेन्सिल टेकवली. "काका, बाकीचं सगळं ठीक. सत्तेचाळीस म्हणजे सत्तेचाळीस. पण हे वाचून अनुदानवाले हसतील आपल्याला. तांत्रिक बिघाड लिहा."

"बिघाड आहे का?"

"असेलच."

"मग पुरवणीत काय जोडू?"

"तुम्ही पण ना," बाई म्हणाल्या. टेबलावरचा फोन जवळ ओढून त्यांनी यादीतला नंबर स्वतः फिरवला. सुरुवातीला चेहऱ्यावर हसू होतं. तिसऱ्या घंटेनंतर त्या 'हॅलो' म्हणाल्या, थांबल्या, मग आवाज उतरवून म्हणाल्या, "मी संस्थेतून बोलतेय. बऱ्या आहात ना?" त्यानंतर त्या नुसत्याच ऐकत राहिल्या. काका खिडकीबाहेर बघत उभे राहिले. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती.

रिसीव्हर ठेवल्यावर बाईंनी पेन्सिलची खूण खोडरबराने पुसली आणि सही केली.

"काय ऐकू आलं?" काकांनी विचारलं.

"तुम्ही लिहिलंय तेच. आम्हाला माहीत नाही."

अहवाल गेला. पाच आठवड्यांनी उत्तर आलं. अनुदान तीन वर्षांचं नाही, एका वर्षाचं; आणि पहिल्या तीन महिन्यांत उरलेल्या सर्वांच्या शेजाऱ्यांचे नंबर मिळवायचे, त्याशिवाय पुढचा हप्ता नाही. उणिवा सरळ सांगितल्याबद्दल एक ओळ चांगली लिहिली होती. ताईंनी ती मोठ्याने वाचली. सत्तेचाळीस जणांचे फोन चालू राहणार होते.

पत्राखाली अनुदान देणाऱ्यांच्या अधिकाऱ्याने हाताने एक प्रश्न लिहिला होता : 'त्या नंबरावर फोन करणे आता थांबवले आहे का?'

उत्तर काकांनीच लिहायचं होतं. त्यांनी ताईंच्या विभागात जाऊन या आठवड्याची वही उघडली. नाव यादीतून काढलेलं होतं. खाली मात्र कुणाच्या तरी घाईच्या अक्षरात तोच नंबर आणि नोंद होती : दहा मिनिटं. ताईंना विचारलं, त्यांनी नकारार्थी मान हलवली. स्वयंसेवकांना विचारलं, आम्ही केला नाही म्हणाले. मग एक जण दबकत म्हणाला, "काका, या वेळी आम्ही नाही केला. आला."

काका जागेवर परतले. पट्टी बाजूला सारली आणि उत्तर लिहिलं : 'आमच्याकडून थांबवले आहे.'