कुंकवाच्या टिकल्यांची वही

कोणी विचारलं की तुम्ही पळण्याची वही का लिहायला लागलात, तर मी म्हणते, खेळाची आवड. साफ खोटं. मी ती वही आमच्या पी.टी.च्या गुरुजींची जिरवायला सुरू केली. एकोणीसशे साठ-एकसष्टच्या सुमाराची गोष्ट, म्हणजे माझं वय झालं, पण तो राग काही म्हातारा झाला नाही.

घाटंजीच्या वाटेवर आमचं गाव. घरी कपाशीचं वावर, बाप शेतात, माय शेतात आणि घरातही. दहावीत असताना यवतमाळला जिल्ह्याच्या शर्यतीत मी दोन फेऱ्यांसाठी उतरले. पहिली फेरी सगळ्यांच्या पुढे होते. दुसऱ्या फेरीत अर्ध्यावर मांड्यांत जणू ओली रेती भरली आणि तीन पोरी माझ्या पुढून निघून गेल्या. चौथी आले. त्याच सकाळी माझे महिन्याचे दिवस सुरू झाले होते आणि सोबतच्या बाईंकडून ते गुरुजींच्या कानावर गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी गुरुजी पोरापोरींच्या देखत म्हणाले, "पोरींचं असंच असते. महिन्यातले चार दिवस कामाच्या नाहीत, अन् शर्यत नेमकी त्याच दिवशी सापडते. पुढच्या साली विचार करून पोरगी नेऊ." पोरं फिदीफिदी हसली. मी खाली पाहत उभी राहिले, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मलाही ते खरंच वाटलं. आपल्या अंगानंच दगा दिला म्हणून मी वर्षभर स्वतःलाच शिव्या घातल्या.

माझ्या वर्गात एक मैत्रीण होती. तिचे वडील पलटणीतून पेन्शनीवर आलेले हवालदार. त्यांची वस्ती काही वर्षांखाली धर्म बदलून बौद्ध झाली होती, आणि गावाला ते अजून पचलं नव्हतं. हे हवालदारकाका पलटणीत लांब पल्ल्याचे पळणारे होते. अकरावीत गेल्यावर एकदा मी त्यांना रडत रडत सगळं सांगितलं तर ते हसले.

"गुरुजीले कसं कळलं बाप्पा, थे दिवसामुळंच झालं म्हणून?"

"यवतमाळले दिसलंच ना काका."

"एक डाव दिसलं. एका डावात काय कळते? वही सुरू कर." त्यांनी ट्रंकेतून स्वतःची जुनी वही काढली. "किती पळली अन् किती वेळात, इतकंच लिहशील तं दुकानाच्या हिशेबाची पाटी होईल. काहून पळली अन् काहून नाई पळली, थे त्याच्यात नसते."

मग त्यांनी एकेक सांगितलं. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी नाडी मोजायची. झोप किती झाली. आदल्या दिवशी काय खाल्लं, पाणी किती प्यायलं. घरचं काम काय केलं. वारा, ऊन, जमीन ओली की कडक. कुठं दुखते. पळताना किती जड गेलं, त्याला पाचपैकी आकडा. मन कसं होतं. आणि दिवस असतील तर तेही. मैत्रीण लाजली. काका म्हणाले, "लाजाचं काय त्याच्यात? तेही अंगच हाय. अन् एक ध्यानात ठेव. त्याच दिवशी लिहाचं, वाईट दिवस गाळाचा नाई, अन् कारण लिहाचं नाई. फक्त झालं थे लिहाचं. कारण दोन महिन्यांनं वहीच सांगते."

मी शंभर पानी वही घेतली. घरच्या गजराच्या घड्याळाला बारका सेकंदकाटा होता, त्यावर नाडी मोजायची. वेळ मैत्रीण धरायची, काकांच्या मनगटी घड्याळावर. आणि दिवसांची खूण म्हणून मी समासात कुंकवाची टिकली लावायचे. शब्द लिहायची हिंमत तेव्हा नव्हती.

दोन महिने मी दात-ओठ खाऊन लिहिलं. खरं सांगते, मला वाटत होतं की वही गुरुजींच्याच बाजूनं बोलणार. मग एका रविवारी काकांच्या ओट्यावर वही उघडून आम्ही तिघं बसलो. काकांनी मला सगळ्यांत वाईट दहा दिवसांवर पेन्सिलीनं गोल करायला लावले. केले. काका म्हणाले, "आता टिकल्या पाह्य."

दहातल्या एकाच गोलाशेजारी टिकली होती. उलट, टिकल्यांच्या दिवसांत माझ्या बऱ्याचशा वेळा चांगल्या होत्या. मी डोळे फाडून पाहत राहिले. मग कामाच्या रकान्यात उत्तर दिसलं. त्या चार दिवसांत माय मला दूर बसवायची. विहिरीचं पाणी नाही, दळण नाही, स्वयंपाक नाही. रोज बारा गुंडं, म्हणजे बारा घागरी, पाणी ओढणारी मी त्या दिवसांत पडून राहायचे आणि पायांना आराम मिळायचा.

"मंग हे गोल कायचे?" मैत्रीण म्हणाली. तिनंच वार मोजले. दहापैकी आठ मंगळवार.

मंगळवारी नाडी बहात्तरच्या पुढे, एरवी साठ-बासष्ट. मंगळवारी जड जाण्याचा आकडा चार नाहीतर पाच. आणि आदल्या दिवशीच्या खाण्याच्या रकान्यात प्रत्येक वेळी एकच शब्द: उपास. मायनं माझ्याकडून सोमवार धरवले होते. चांगला नवरा मिळावा म्हणून दिवसभर पाणीसुद्धा नाही, आणि संध्याकाळी मूठभर बिनमिठाचा चुरमा. यवतमाळची शर्यत मंगळवारी होती. अव माय! मी वर्षभर ज्या अंगाला शिव्या देत होते, ते अंग बिचारं उपाशी होतं.

मी लगेच नाचायला लागले. काकांनी थांबवलं. "आता करून पाह्य. एकच गोष्ट बदल, बाकी सगळं तसंच ठेव." म्हणून पुढचे तीन सोमवार मी शाळेतून सरळ मैत्रिणीच्या घरी जाऊन पोटभर पाणी प्यायले आणि ज्वारीची भाकर, तुरीचं वरण खाल्लं. घरी कळलं असतं तर उपास मोडला म्हणून एक मार आणि कोणाच्या घरी मोडला म्हणून दुसरा. पण वहीत खोटं लिहायचं नाही हे ठरलं होतं. मी लिहिलं: सोमवार, दोन भाकरी, हवालदारकाकाच्या घरी. तिन्ही मंगळवारी नाडी खाली आली आणि दोन फेऱ्यांची वेळ दहा-बारा सेकंदांनी उतरली.

तेवढ्यात त्या सालच्या शर्यतीची तारीख आली. पुन्हा मंगळवार. गुरुजींनी मला बोलावून पी.टी.चं रजिस्टर उघडलं. मागे ज्या दिवसांत मी पी.टी.ला न पळता बाजूला बसले होते, त्या तारखांवरून त्यांनी हिशेब काढला होता. "तुझं त्याच दिवशी येते. म्हणून शाळेच्या अध्यक्षांच्या भाचीले नेतो." माझ्या दिवसांचा हिशेब या माणसानं ठेवला होता आणि माझ्या पळण्याचा ठेवला नव्हता! माझं डोकं असं तडकलं की काय सांगू.

मी म्हटलं, "बरोबर गुरुजी. त्याच्या चार आठवडे आधीचा मंगळवार म्हणजे हा येणारा, तेव्हाही तेच दिवस. त्याच दिवशी दोघींना पळवा. सगळ्या शाळेसमोर."

हेडमास्तर बाजूलाच बसले होते, त्यामुळे गुरुजींना नाही म्हणता येईना. सोमवारी मी काकांकडे जेवले. मंगळवारी सकाळी वहीत टिकली लावली. मैदानावर अध्यक्षांची भाची अर्धी फेरी माझ्यासोबत होती, नंतर ती मला दिसलीच नाही.

गुरुजींचा चेहरा पाहून माझ्या पोटात गार वाटलं. पण तेवढ्यावर थांबेन तर मी कसली! मी वही त्यांच्या हातात दिली. "हे पाहा, कशी पळले ते." ते पानं उलटत गेले. "या लाल टिकल्या कायच्या?"

"माझ्या दिवसांच्या. आजचीही आहे."

गुरुजींनी विंचू चावल्यासारखी वही टेबलावर टाकली आणि रुमालानं हात पुसले. नाव मात्र माझंच लिहावं लागलं.

आता माझी चूक सांगते. सूड उगवायच्या नादात मी विसरले की त्या वहीत सोमवारच्या भाकरीही आहेत. शर्यतीच्या आठ दिवस आधी गुरुजी आमच्या घरी आले. बाप वावरात होता. गुरुजी ओट्यावर बसून मायला म्हणाले, "बाई, पोरगी सोमवार मोडते. अन् कोणाच्या घरी जेवते, थे तिलेच विचारा. अशा पोरीले यवतमाळले धाडता?"

मायनं माझ्याकडे पाहिलं. मी आतून वही आणली. मायला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचलं. सोमवार उपास, मंगळवार नाडी तिहत्तर, उभं राहिल्यावर भोवळ, पाय लटपट. सोमवार उपास, मंगळवार भोवळ. एकामागून एक आठ मंगळवार वाचले आणि मग नंतरचे, भाकरीचे. माय दारात उभी होती, ती खाली बसली.

"मंगळवारी माह्याही डोळ्यापुढं अंधारी येते," ती हळूच म्हणाली. "वावरात दोनदा पडली मी. मले वाटे, वयच झालं." तेव्हा माय चौतीस-पस्तीस वर्षांची होती.

मग ती उठली आणि पदर खोचला. "गुरुजी, पोरीच्या पोटात कोणाच्या घरचं गेलं थे पाह्यले तुमी इतकं चालत आले. तिच्या पोटात काहीच नव्हतं, तवा नाई आले." गुरुजी चहा न घेताच गेले. शर्यतीच्या आदल्या दिवशी, सोमवारी, मायनं स्वतः उपास केला, आणि माझ्या ताटात भाकर वाढली. मंगळवारी सकाळी तिनं मनगट माझ्यापुढे धरलं, "माह्यीही मोज."

यवतमाळला मी पहिली आले. घड्याळवाल्यांनी वेळ ओरडून सांगितली, दोन मिनिटं चौपन्न. तालुक्यातालुक्यांचे गुरुजी गोळा झाले, आमच्या गुरुजींची पाठ थोपटू लागले. म्हणे, पोरगी काय तयार केली राव! आमचे गुरुजी फुलून गेले.

मी धापा टाकत पिशवीतून वही काढली, त्या दिवसाचं पान उघडलं आणि सगळ्यांसमोर त्यांच्यापुढे धरलं. समासात सकाळी लावलेली टिकली होती. म्हटलं, "गुरुजी, माझा हात थरथरतो. वेळ तुम्हीच लिहा."

इतक्या लोकांत त्यांना मागे सरता येईना. त्यांनी वही दोन्ही हातांनी धरली आणि लिहिलं. लिहिताना अंगठा टिकलीवर पडला आणि कुंकू पानभर ओढलं गेलं. वही अजून माझ्या कपाटात आहे, त्यांच्या अक्षरातल्या चौपन्नावर त्यांच्याच अंगठ्याचा लाल ठसा आहे.