नसलेल्या गाडीचा हप्ता

आमची पहिली गाडी खरेदीच्या कितीतरी आधी अंगणात राहायला आली होती, हे सांगितलं की बोईसरचे लोक हसतात. हसू देत!

मी तारापूरच्या कारखान्यात, हातात पगार अडतीस हजार. पाच लाखांचं कर्ज पाच वर्षांत फेडायचं तर हप्ता साडेदहा हजार. सात वर्षं घेतली तर सव्वाआठ, पण व्याज साठेक हजारांनी जास्त. मी पाचवरच अडून बसलो.

बायको म्हणाली, "अहो, आधी गाडी आहे असं समजून जगून बघू."

मग दर पगाराला हप्ता, पेट्रोल, सर्व्हिसिंग आणि विम्याचा महिन्याचा वाटा असे साडेसतरा हजार वेगळ्या खात्यात जाऊ लागले. अंगणात चुन्याने गाडीची जागा आखली. त्या दिवसापासून गल्लीतला कुत्रा तिला वळसा घालू लागला.

तिसऱ्या महिन्यात मुलीची फी आली. मी खात्यातून गुपचूप नऊ हजार काढले. संध्याकाळी कुत्रा चौकोनाच्या मधोमध ताणून झोपलेला!

"काय हो, बँकेने गाडी ओढून नेली वाटतं?" बायको म्हणाली.

तिला काहीच माहीत नव्हतं. मी सगळं कबूल केलं.

पुढच्या पगाराला सात वर्षांच्या हिशेबाने सव्वापंधरा हजार भरले. घरी आलो, तर कुत्रा भिंतीला चिकटून बसलेला, चौकोन रिकामा.

सहा महिने हे नीट निभावल्यावर खरी गाडी आणली, सात वर्षांच्या कर्जावर. कुत्र्याने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या ओळखीचीच होती ती.