कापसाची गाडी पहाटे का निघाली

बऱ्याच वर्षांपूर्वी वाटूरला आम्ही शिक्षक चौथीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासत होतो. उत्तरसूची माझी होती. उताऱ्यातला शेतकरी कापसाची गाडी घेऊन पहाटेच निघतो, कारण विक्री उरकून त्याला दुपारी लेकीकडे जेवायला पोचायचं असतं. 'तो पहाटे का निघाला?' या प्रश्नाला मी बरोबर पर्याय धरला होता, 'खरेदी केंद्रावर नंबर लवकर लागावा म्हणून.'

शेजारच्या शाळेच्या बाई म्हणाल्या, "गुरुजी, उताऱ्यात नंबराचं नाव तरी हाय का?"

"बाई, तुम्ही कधी केंद्रावर कापूस घातलाय का? नंबरासाठी बैलंबी जागतेत!"

सगळे पोट धरून हसले आणि त्या हसण्यातच माझी सूची पास झाली. जेवणाचा पर्याय निवडलेली बाईंची विद्यार्थिनी एका मार्काने दुसरी आली, पहिली माझी. घरी उतारा पुन्हा वाचला तेव्हा चूक कळली. पण पेढे वाटून झाले होते, गप्प बसलो.

परवा मंठ्याला एका लग्नात बाई भेटल्या. मी सगळं कबूल केलं. हसता हसता त्यांना ठसकाच लागला.

"मंग आता लेखी द्या, गुरुजी!"

लग्नपत्रिकेच्या पाठीवर मी लिहिलं, 'त्या वर्षी पहिली तुमचीच विद्यार्थिनी होती,' आणि सही केली. बाईंनी ते दोनदा वाचलं.

"तारीख टाका," त्या म्हणाल्या, "तिला पाठवायचंय."