वामनने गाळलेली ओळ

आमचा वामन इथे जवळच केम गावी मावशीकडे गेला तरी तिसऱ्या दिवशी ताप घेऊन परततो. तो मोंबासात तीन वर्षं कशी काढणार, ही काळजी मला सुटत नाही.

सोलापुरातल्या गिरणीने त्याला तिथल्या पेढीवर नेमलं आहे. पत्रात घरभाड्याचा भत्ता आहे, तिथल्या सरकारचा माणशी कर, डोईपट्टी, तीही गिरणी भरणार. मात्र मुदतीआधी परतला तर बोटीचं भाडं त्याने द्यायचं.

"आजारपणाची सवलत कुठे आहे रे?"

"मीच गाळली, आई. गेल्या वर्षी तिकडे नेमलेल्या साठ्यांचं पत्र लिहिताना. साहेब खूश झाले, आता तोच मसुदा मला आला."

"मग साहेबांना सांग की!"

"कुठल्या तोंडाने? 'घरची आठवण हा आजार नव्हे' असं मीच त्यांना म्हणालो होतो."

सही उद्या अकराला आहे. दहाला मी शेजारच्या डॉक्टरांकडून साहेबांना फोन करणार आणि केमचा ताप सविस्तर सांगणार.