सगळे म्हणाले, ‘हो’

“समजलं का?” असं विचारलं की आमच्या शाळेत एकच उत्तर येतं, “होऽऽ, मॅडम.” साठ पोरांचा एक आवाज. गारखेड्यातल्या या शाळेत गणित शिकवताना या ‘हो’वर मी इतकी वर्षं विश्वास ठेवला, आणि चाचणीचे पेपर आले की कपाळाला हात लावत राहिले.

म्हणून मी कार्डं आणली. जाड कागदावर प्रत्येक मुलाची वेगळी काळी-पांढरी नक्षी. चार बाजूंना बारीक अ, ब, क, ड. प्रश्न टाकला की ज्याला जे उत्तर वाटेल ती बाजू वर धरायची. मी मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, की कोणाचं काय उत्तर ते पडद्यावर दिसतं. अक्षरं बारीक, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही.

पहिल्याच दिवशी फळ्यावर एक द्वितीयांश, एक चतुर्थांश, एक षष्ठांश, एक अष्टमांश लिहून विचारलं, यांत सगळ्यात मोठा अपूर्णांक कोणता? तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं एक अष्टमांश दाखवला. तिची आई मुकुंदवाडीहून तिला रोज रिक्षानं आणून सोडायची आणि ‘हो’ म्हणण्यात ही पोरगी सगळ्यांच्या पुढे. आठ हा चारापेक्षा मोठा, म्हणून एक अष्टमांश मोठा, हे ती चौथीपासून मनात धरून बसली होती. भाकरीचे तुकडे करून दाखवले तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, मला वाटलं मलाच समजत नाय, म्हणून बोलले नाय.” मला तेव्हा भयंकर लाज वाटली आणि आनंदही झाला.

सहावीच्या एका तुकडीत सत्रभर कार्डं वापरली, दुसरीत नाही. शेवटी दोन्हींना एकच चाचणी दिली. कार्डांच्या तुकडीत अपूर्णांकाच्या चुका बऱ्याच कमी निघाल्या. मग सगळ्याच वर्गांत कार्डं वापरावीत, असा प्रस्ताव मी संस्थेला दिला. एकाच शिक्षिकेचा, एकाच सत्राचा अनुभव आहे, यावरून फार मोठं काही सिद्ध होत नाही, हेही मी प्रस्तावात प्रामाणिकपणे लिहिलं. खर्च लिहिला: छपाई तेवढी, तोही स्नेहसंमेलनाच्या मंडपापेक्षा कमी. आणि सर्वांत मोठा भाग लिहिला शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा. दोन शनिवारी शाळा सुटल्यावर बसायचं. चुकीच्या पर्यायातून मुलाची नेमकी चूक कळेल असा प्रश्न कसा काढायचा, आणि चूक दिसल्यावर पुढं काय करायचं, ते शिकायचं. कारण कॅमेरा चूक दाखवतो, दुरुस्त करत नाही.

संस्थेचे सचिव, ज्यांना आम्ही सगळे साहेब म्हणतो, बैठकीत खूश झाले. “लई भारी आहे मॅडम. मंजूर. पण ते प्रशिक्षण काढा. शिक्षकांनाच शिकवायचं म्हणल्यावर पालक काय म्हणतील? छपाईचं आमच्यावर सोडा.”

मी म्हटलं, “साहेब, प्रशिक्षणाशिवाय याचा उपयोग नाही.”

“मोबाइल फिरवायला काय शिकायचं त्यात?” साहेब म्हणाले. सगळे हसले.

दिवाळीनंतर कार्डं आली. आमच्या संस्थेत संस्थापकांच्या फोटोशिवाय काही छापत नाहीत. डायरीवर फोटो, ओळखपत्रावर फोटो, उत्तरपत्रिकेवरही फोटो. तसा तो कार्डांवरही होता, नक्षीच्या बरोबर मधोमध. वर चकचकीत लॅमिनेशन. आणि अ, ब, क, ड इतके ठळक की मागच्या भिंतीवरूनही वाचता यावेत.

एकाही वर्गात एकही कार्ड वाचलं गेलं नाही. शिक्षक ट्यूबलाइटखाली मोबाइल फिरवून कंटाळले. मग शिक्षकांची बैठक लागली. मी उभी राहून सांगितलं की नक्षी अखंड हवी आणि कागद बिनचमकीचा हवा. मधल्या फोटोमुळं कॅमेऱ्याला नक्षी ओळखता येत नाही.

साहेबांनी चष्मा काढला. “म्हणजे संस्थापकांच्या फोटोमुळं बिघडलं, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

प्रस्ताव वाचून “आमच्याही वर्गात येऊन दाखवा” म्हणणाऱ्या शेजारच्या वर्गशिक्षिका पदराचं टोक न्याहाळत बसल्या. त्यांचा राग मला अजूनही येतो, साहेबांपेक्षा जास्त येतो.

“साधन आपल्या शाळेला चाललं नाही,” साहेब म्हणाले. “वापर बंद. मॅडमची जुनी कार्डंही ऑफिसात जमा करायची, एका वर्गाला एक आणि दुसऱ्याला एक असं नको. समजलं का सगळ्यांना?”

“हो, साहेब,” सगळे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “मॅडम, कार्डं?” मी नाही म्हणून मान हलवली आणि अपूर्णांकांची बेरीज शिकवली. छेद वेगळे असतील तर समान कसे करायचे, ते दोनदा फळ्यावर लिहिलं. ती फळ्याकडे बघताना भुवया आवळत होती. तास संपायला आला आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “समजलं का?”

तिनं एकदा रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि सगळ्यांच्या आधी म्हणाली, “हो, मॅडम.”