अनूर्जित

त्यांना सगळे प्रतिशब्दराव म्हणायचे. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण पाठीमागचं पुढे यायला असा कितीसा वेळ लागतो! नाव कानावर आलं तेव्हा रागवायचं सोडून स्वारी मनातून सुखावली. एवढ्यावरून काय तो माणूस ओळखा.

धंदा भाषांतराचा. मराठी मजकुरात इंग्रजी शब्द दिसला की त्यांना घासात खडा लागल्यासारखं व्हायचं. शब्द घडवायची रीतही ठरलेली होती. घडवलेला शब्द ते आधी बायकोला ऐकवत. तिला पटकन कळला तर तो बाद!

"स्लज म्हणजे गाळच ना?" बायको म्हणाली. "मग गाळ लिहा की."

"गाळ काय, कुणालाही कळतो."

"अहो, मग बरंच आहे की!"

"तुला नाही कळायचं," असं म्हणून त्यांनी ‘आपंक’ लिहिलं आणि चहा मागितला.

काम गावाबाहेरच्या रसायनांच्या कारखान्याचं होतं. कारखान्याला आणखी एक बॉयलर लावायचा होता. त्यासाठी सांडपाणी आणि धूर यांचे नियम वर्षभर कसे पाळले याचा अहवाल लोकांच्या भाषेत लोकांपुढे ठेवायचा आणि मग सभा घ्यायची, असा कायदा. सभेत कुणी आक्षेप घेतला तर आधी तपासणी. कुणीच काही बोललं नाही तर परवानगीचा कागद सरळ पुढे.

कारखान्यातल्या पर्यावरण अधिकारी बाईंनी त्यांना आपणहून सगळं फिरवून दाखवलं. स्क्रबर म्हणजे उंच मनोरा. खालून आम्लाची वाफ चढते, वरून खाराच्या पाण्याचा फवारा पडतो, वाफ धुऊन निघते. ईएसपी म्हणजे लोखंडी पत्र्यांनी भरलेली प्रचंड पेटी. बॉयलरचा धूर तिच्यातून जातो, राखेच्या कणांना विजेचा भार बसतो आणि कण पत्र्यांना चिकटतात. मग हातोडे पत्र्यांवर आपटतात आणि राख खालच्या नरसाळ्यात पडते. पेटीचे एकामागे एक असे तीन भाग. प्रत्येक भागाची वीज वेगळी.

"आमच्याकडे सगळे स्क्रबर, ईएसपी असंच म्हणतात," बाई म्हणाल्या. "वस्तीतली निम्मी माणसं इथेच कामाला आहेत. तसंच ठेवलंत तरी चालेल."

"तसंच ठेवायचं? मग मी कशाला हवा, बाई?"

बाई नुसत्या हसल्या. लपवाछपवी करा असं त्यांनी चुकूनही म्हटलं नव्हतं, हे इथेच सांगून ठेवतो. पुढे जे झालं ते प्रतिशब्दरावांनी स्वतःच्या हौसेने केलं.

मूळ अहवालात एक वाक्य होतं, साधं आणि प्रामाणिक. इन्सुलेटर फुटल्यामुळे ईएसपीच्या तिसऱ्या भागाची वीज हिवाळाभर बंद होती आणि चिमणीतून मर्यादेपेक्षा जास्त धूळ बाहेर गेली. प्रतिशब्दराव त्या वाक्यावर दोन दिवस बसले आणि शेवटी त्यांनी ते असं उतरवलं: ‘स्थिरविद्युत अवक्षेपकाचे तृतीय क्षेत्र विसंवाहक-विफलतेपायी शीतकालात अनूर्जित राहिल्याने निष्कासित वायूतील कणद्रव्य-संहती विहित मूल्याहून अधिकतर आढळली.’ ‘अनूर्जित’ हा शब्द त्यांना पहाटे दात घासताना सुचला. तसाच तोंडात फेस घेऊन ते टिपून ठेवायला धावले.

त्याच दिवशी ते ताईकडे जेवायला गेले. ताई त्यांची थोरली बहीण, राहायला कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या चाळीत. आई लवकर गेली, तेव्हा या बाळ्याला हाताला धरून शाळेत नेणारी हीच. ताईने फडताळातून ताट काढलं, पदराने पुसलं, पदराकडे बघितलं आणि पुन्हा पुसलं. मध्येच तिला खोकल्याची उबळ आली. भिंतीला हात टेकून ती उभी राहिली. ती थांबेपर्यंत प्रतिशब्दराव थांबले आणि मग म्हणाले, "ताई, आज एक शब्द सापडलाय. अनूर्जित!"

"अगं बाई! छान आहे रे," ताई धापा टाकत म्हणाली. "म्हणजे काय?"

"वीज बंद असलेलं."

"हुशार माझं बाळ," असं म्हणून तिने आणखी एक पोळी वाढली.

पुढच्या महिन्यात सभा झाली. शाळेच्या सभागृहात खुर्च्या भरलेल्या, अहवालाच्या प्रती हातोहात फिरत होत्या. लोक पानं उलटत, ओठ हलवत, पुन्हा मागचं पान काढत. पांढऱ्या मिशांचा एक बॉयलरवाला शेजाऱ्याला विचारत होता, "यात ईएसपीचं काहीच कसं नाही रे?" शेजाऱ्याने खांदे उडवले. दोन रांगा मागे प्रतिशब्दरावांनी ते ऐकलं आणि मान खाली घातली. त्या माणसाच्या मांडीवर तेच पान उघडं होतं.

मग ताई उभी राहिली. "आमच्या घरात राख येते. ताटात येते, अंथरुणावर येते. त्याचं काय?"

अध्यक्ष सरकारी साहेब होते. त्यांनी कारखान्याच्या बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "ते अहवालात लिहिलंय. लपवलेलं नाही. यांनीच मराठी केलंय." आणि त्यांनी मागच्या रांगेकडे हात केला.

ताईने वळून बघितलं आणि तिचा चेहरा असा काही उजळला म्हणता! "अरे, हा तर माझा भाऊ," ती सगळ्यांना सांगू लागली. "याने लिहिलंय होय? मग काही वाईट असतं तर मला सांगितलं नसतं का त्याने? राहू द्या साहेब, माझं काही म्हणणं नाही." आणि ती समाधानाने खाली बसली.

प्रतिशब्दरावांना वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. साहेबांनी विचारलं, "आणखी कुणाचा आक्षेप? नाही? मग सभा..."

"थांबा," प्रतिशब्दराव उभे राहिले. "आक्षेप आहे. माझा. ईएसपीचा तिसरा भाग हिवाळाभर बंद होता. राख पुरती गाळली जात नव्हती. चिमणीतून मर्यादेबाहेर धूळ बाहेर पडत होती. अहवालात आहे सगळं. मी ते असं लिहिलंय की तुम्हाला कुणालाच कळू नये. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं हो. मला फक्त शब्द चांगले हवे होते."

एकच गलका उठला. बॉयलरवाला ओरडला, "हे आधी सांगायचं ना, मास्तर!" साहेबांनी आक्षेप नोंदवायला सांगितला. परवानगी अडली, तपासणी ठरली. बाईंनी प्रतिशब्दरावांकडे रागाने नाही, पण बघितलं. कुणीतरी पाठीवर थाप मारली, ती त्यांना रट्ट्यासारखी लागली.

बाहेर फाटकापाशी ताई उभी होती. ते जवळ गेले.

"ताई, चुकलं माझं."

ताईने पदराने तोंड पुसलं. आवाज अगदी साधा होता, लहानपणी हरवलेल्या पेन्सिलीबद्दल विचारायची तसा.

"बाळ्या, तो शब्द तुला सापडला त्या दिवशी तू माझ्याकडे जेवलास ना?"

"हो."

"मी तुझं ताट दोनदा पुसलं होतं."

मग तिला खोकल्याची उबळ आली. प्रतिशब्दरावांनी हात पुढे केला, पण तिने टेकायला फाटकाचा गज धरला.